ब्रँडचा करार आलाय: 'कायमस्वरूपी वापर' आणि '६० दिवसांत पेमेंट'. सही करावी का?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी घरात वाढवायच्या झाडांवर व्हिडिओ करते, गेली तीन वर्षं. आजवर छोट्या ब्रँडांबरोबर सगळं मेलवरच ठरायचं. एक रील, दोन स्टोरी, पोस्ट पडली की पैसे, एवढ्यात काम भागायचं. आता पहिल्यांदाच एका मोठ्या ब्रँडचा रीतसर करार आलाय, एजन्सीमार्फत. अकरा पानं आहेत आणि शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायची आहे. मानधन मनासारखं आहे, त्यामुळे हातचं जाऊ नये असंही वाटतंय. पण चार ठिकाणी अडखळले. मूळ इंग्रजी आहे, मी माझ्या शब्दांत सांगते.

काम आहे १ रील आणि ३ स्टोरी, आणि बदल "ब्रँडचं समाधान होईपर्यंत". वापराच्या कलमात लिहिलंय की ब्रँड, त्याच्या सहयोगी कंपन्या आणि एजन्सी हा व्हिडिओ सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी वापरू शकतात, कापू-जोडू शकतात, जाहिरातीतही घेऊ शकतात. पोस्ट पेड आहे हे प्रेक्षकांना सांगायची पूर्ण जबाबदारी माझी, पण कॅप्शन मात्र ब्रँड मंजूर करणार. आणि पैसे? सर्व कामं पूर्ण झाल्यावर, योग्य इनव्हॉइस मिळाल्यापासून ६० दिवसांत, "एजन्सीला क्लायंटकडून रक्कम मिळाल्यानंतर".

यातलं नेहमीचं काय आणि कशावर अडून बसावं?

उनाड_पाखरू

ताई, वापराच्या कलमाचं टेन्शन घेऊ नका. व्हिडिओ तुम्ही शूट केलाय, म्हणजे कॉपीराइट तुमचाच. कॉपीराइट लेखी लिहून दिल्याशिवाय कुणाकडे जात नाही. ब्रँडने उद्या जाहिरातीत वापरला तर तुम्ही सरळ काढायला लावू शकता. मी एकदा असं केलंय, दोन दिवसांत काढला त्यांनी.

शाईपेन

पाखरू, तुमचं अर्धं बरोबर आहे. कॉपीराइट रानजाईंकडे राहू शकतो, फक्त तसं करारात लिहिलेलं हवं, कारण पैसे देऊन करून घेतलेल्या व्हिडिओचा कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर, भारतात पैसे देणाऱ्याचा धरला जातो. पण मालकी आणि वापराची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर माझ्या नावावर असलं तरी मीच कायमचा भाडेकरार करून दिला असेल, तर भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. या करारात मालकी मागितलेलीच नाही, परवानगी मागितली आहे, आणि ती इतकी मोठी आहे की मालकी हातात राहून फारसा उपयोग नाही. तुमच्या वेळी बहुधा करारात परवानगीच नव्हती, म्हणून काढायला लावता आलं.

रानजाई, मी सहा वर्षं क्रिएटर्सच्या बाजूने असे करार वाचते आणि वाटाघाटी करते. वकील नाही, त्यामुळे शेवटचा मसुदा तुमच्याकडच्या वकिलाला जरूर दाखवा. तुमच्या करारात मला सगळ्यात आधी एकच गोष्ट दिसते. प्रत्येक मुदत जिथून सुरू होते ती गोष्ट दुसऱ्याच्या हातात आहे. "समाधान" ब्रँडच्या हातात. "सर्व कामं पूर्ण" होणं मंजुरीवर अवलंबून, म्हणजे पुन्हा ब्रँडच. "क्लायंटकडून रक्कम" तर तुम्हाला दिसणारही नाही, कारण एजन्सी आणि ब्रँड यांच्यातला करार तुम्ही कधी पाहणार नाही. ६० हा आकडा तुम्हाला खुपतोय, पण खरा प्रश्न ते ६० दिवस कधी मोजायला लागायचे हा आहे.

मोगरा_फुलला

मला पण हाच प्रश्न होता! मला एका ब्रँडने प्रॉडक्ट पाठवलंय, पैसे वगैरे काही नाही, "आवडलं तर टाका" म्हणाले. मग करार नाही, तर पेड वगैरे लिहायची गरज नाही ना?

शाईपेन

मोगरा, गरज आहे. करार नसला तरी वस्तू फुकट मिळाली हा संबंध आहेच, आणि प्रेक्षकाला तो माहीत नाही. ग्राहकांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या एफटीसीचं आणि जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या भारतातल्या एएससीआयचं, दोघांचंही म्हणणं तेच आहे: पैसे, भेटवस्तू, सवलत, नातं, काहीही असलं तरी ते सांगायचं. "ही वस्तू ब्रँडने पाठवली आहे" असं व्हिडिओच्या सुरुवातीलाच बोला. रानजाईंचा प्रश्न थोडा वेगळा आहे, त्यांचा करार पैशांचा आहे.

पायवाट

शाईपेन जे म्हणतायत ते मी भोगलंय, म्हणून तारखांसकट सांगतो. ब्रँडचं नाव घेत नाही.

माझाही करार १ रील आणि ३ स्टोरीचाच होता. पेमेंट अगदी असंच, सगळं पूर्ण झाल्यावर इनव्हॉइस आणि मग ६० दिवस. मी ३ मार्चला स्क्रिप्ट दिली. मंजुरी किती दिवसांत द्यायची हे करारात कुठेच नव्हतं. १७ मार्चला उत्तर आलं, त्यात उत्पादनाचं नाव पहिल्या तीन सेकंदांत हवं वगैरे बदल. शूट केलं, मग आणखी बदल, आणि रील पडली २ एप्रिलला. मला वाटलं काम संपत आलं. पण स्टोऱ्या त्यांना "दुसऱ्या टप्प्यात" हव्या होत्या आणि तो टप्पा पुढे ढकलला गेला. स्टोऱ्या पडल्या २८ एप्रिलला. त्यानंतर सात दिवसांनी इनसाइट्सचे स्क्रीनशॉट द्यायचे, तेही कामातच मोजलेलं. ते ५ मेला दिले. इनव्हॉइस ६ मेला. साठ दिवस धरले तर ५ जुलै.

म्हणजे पहिलं काम हातावेगळं केल्यापासून १२४ दिवस. यात एकाही दिवसाचा उशीर माझ्याकडून नव्हता, आणि गंमत नाही, खरंच सांगतो, कागदावर त्यांनीही एकही अट मोडली नव्हती. भांडायचं कशावरून?

वर एक्सक्लुझिव्हिटी होती, "शेवटच्या पोस्टपासून ९० दिवस" दुसऱ्या बॅग-बुटांच्या ब्रँडचं काम करायचं नाही. शेवटची पोस्ट २८ एप्रिलला गेल्यामुळे तीही २७ जुलैपर्यंत सरकली. मधे दुसऱ्या एका ब्रँडने विचारलं होतं, त्यांना नाही म्हणावं लागलं. त्यांचा उशीर, आणि काम गेलं माझं.

रानजाई

बापरे. मी लगेच माझा करार पुन्हा उघडला. एक्सक्लुझिव्हिटी आहे! "बागकाम आणि गृहसजावट" या प्रकारातल्या कुठल्याही ब्रँडचं काम करारावर सही झाल्यापासून शेवटच्या पोस्टनंतर ६० दिवसांपर्यंत नाही. माझं सगळं चॅनलच झाडांचं आहे. हे मी वाचून पुढे गेले होते.

शाईपेन

ते कलम आधी आवरा, कारण तुमचं बाकीचं उत्पन्न त्यावर अडकेल. "बागकाम" हा प्रकार नसून तुमचा अख्खा व्यवसाय आहे. त्यांना भीती स्पर्धकाची असते, तेव्हा स्पर्धकांची नावंच मागा. चार-पाच नावांची यादी करारात जोडली की दोघांचंही काम होतं. आणि मुदत तारखेने लिहा, "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत". मग पोस्ट लांबली तरी बंदी लांबत नाही.

आता कामाचं. "समाधान होईपर्यंत" काढून "स्क्रिप्टवर एक फेरी, एडिटवर एक फेरी" असं लिहा. स्क्रिप्ट मंजूर झाल्यावर तिच्याबाहेरचं काही मागितलं, म्हणजे नवीन शूट मागितलं, तर वेगळे पैसे. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ: मसुदा पाठवल्यापासून पाच कामाच्या दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर तो मंजूर समजावा. पायवाट यांच्या गोष्टीत ही एक ओळ असती तर पहिले चौदा दिवस निम्म्यावर आले असते.

पैसे दोन हप्त्यांत मागा. अर्धे सहीच्या वेळी. उरलेले अर्धे रील पोस्ट झाल्यापासून किंवा करारात लिहिलेल्या एका ठरावीक तारखेपासून ३० दिवसांत, जे आधी येईल ते. "जे आधी येईल ते" हे शब्द सोडू नका. ब्रँडने मोहीम पुढे ढकलली तरी ती ठरावीक तारीख जागची हलत नाही. मोहीम रद्द झाली तर काय, तेही लिहा. शूट झाल्यावर रद्द केली तर पूर्ण मानधन, स्क्रिप्टनंतर रद्द केली तर निम्मं, असं मी सहसा मागते.

निळासावळा

मी दुसऱ्या बाजूचा आहे, एजन्सीत ही मोहिमांची कामं बघतो. थोडं आमचंही ऐका.

"क्लायंटकडून पैसे आल्यावर" हे कलम आम्ही फसवायला घालत नाही. लहान एजन्सीकडे एका वेळी वीस-तीस क्रिएटर असतात, क्लायंट तीन-तीन महिने पैसे देत नाही, आणि सगळ्यांना खिशातून द्यायचं तर एजन्सी बुडेल. पण मान्य करतो की ती जोखीम क्रिएटरवर ढकलणं बरोबर नाही, कारण क्लायंट आम्ही निवडलाय. वाटाघाटीत आम्ही बहुतेक वेळा एक कमाल मर्यादा मान्य करतो: क्लायंटचे पैसे आले की सात दिवसांत, आणि नाही आले तरी इनव्हॉइसपासून ४५ दिवसांत. मागा, मिळेल. ॲडव्हान्स मात्र मोठ्या ब्रँडच्या कामात कठीण असतो. त्यांच्या अकाउंट्सकडे नवीन व्हेंडर म्हणून नोंद व्हायलाच आठवडे लागतात. म्हणून सही झाल्या झाल्या व्हेंडर फॉर्म आणि बँकेचे कागद देऊन टाका, आणि इनव्हॉइसवर पीओ नंबर, म्हणजे त्यांच्या खरेदी आदेशाचा क्रमांक, हवा का ते आधी विचारा. "योग्य इनव्हॉइस" या शब्दांवर बरेच दिवस जातात. पीओ नंबर नाही म्हणून परत आलेल्या इनव्हॉइसचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.

आणखी एक, जे कुणी बोललं नाही: गाणं. क्रिएटर रीलवर ट्रेंडिंग गाणं लावतात, ब्रँडही घाईत मंजूर करतो. मग आम्ही ती रील जाहिरात म्हणून चालवायला जातो आणि ती चालत नाही, कारण ॲपमधली बहुतेक लोकप्रिय गाणी व्यावसायिक वापरासाठी मोकळी नसतात. मग पुन्हा एडिट, पुन्हा मंजुरी. रानजाई, तुमच्या करारात कुठेतरी असेल की व्हिडिओतलं सगळं कायदेशीर असल्याची हमी तुमची आणि कुणी दावा केला तर भरपाई तुमची. गाणं ब्रँडने सुचवलं असेल तर ती हमी तुम्ही देऊ नका. आणि व्यावसायिक वापराचीच गाणी सुरुवातीपासून वापरा.

शाईपेन

गाण्याचा मुद्दा खूप कामाचा, धन्यवाद. तो सरळ वापराच्या कलमाकडे नेतो.

"वापर" म्हणजे एकच गोष्ट नाही, रानजाई. ब्रँडने तुमची रील स्वतःच्या हँडलवर शेअर करणं ही एक. ती तुम्ही मानधनातच देऊन टाका, त्यावर ताणू नका. ब्रँडने तुमचा व्हिडिओ घेऊन स्वतःच्या खात्यातून पैसे लावून जाहिरात चालवणं ही दुसरी. आणि तुमच्या नावाने, तुमच्या हँडलवरून जाहिरात चालवणं ही तिसरी. त्यासाठी तुम्ही ॲपमधून परवानगी किंवा कोड देता. तिसऱ्याबद्दल जास्त सांगते, कारण तिथे काय होतं ते आधी कुणी सांगत नाही. तुम्हाला ज्यांनी कधी फॉलो केलं नाही अशा हजारो लोकांच्या फोनवर तुमचा चेहरा तुमच्या नावासकट जातो. मी ज्यांचं काम बघते त्या एका ताईंची अशी जाहिरात चालू होती तेव्हा रोज सकाळी फोन उघडला की शेकडो अनोळखी कमेंट. निम्म्या "ऑर्डर कुठे अडकलीय" अशा तक्रारी. त्या उत्तरं देत बसल्या, कारण नाव त्यांचं दिसत होतं. म्हणून तिसऱ्या वापराला दिवस मोजून द्या, कमेंट कोण सांभाळणार हे लिहून घ्या, आणि मुदत संपली की परवानगी स्वतः काढून घ्या. ती आपोआप संपेलच असं धरून चालू नका.

किंमत कशी लावायची? मी मूळ मानधन १०० धरते. पैसे लावून चालवायच्या जाहिरातीसाठी दर ३० दिवसांना २५. म्हणजे ९० दिवसांचे ७५. हा माझा हिशेब आहे, बाजाराचा नियम नाही, वरखाली होतो. पण या पट्टीने "कायमस्वरूपी" मोजून बघा, तुम्हाला जे मानधन चांगलं वाटतंय त्यात ते कुठेच बसत नाही. त्यांना विचारा, "मोहीम प्रत्यक्षात किती दिवस चालणार आहे?" बहुतेक वेळा उत्तर दोन-तीन महिने असतं, कारण तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा दिसला की लोक पुढे सरकवतात आणि जाहिरातीचा खर्च वाढतो. कायमस्वरूपीची त्यांना गरज नसते, तो शब्द जुन्या मसुद्यातून तसाच आलेला असतो.

आणि एक ओळ घाला जी या सगळ्याला बांधून ठेवते: वापराचा हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावरच सुरू होईल. पैसे थकले तर तुमच्या हातात काहीतरी राहतं.

निळासावळा

ही ओळ आम्ही मान्य करू शकत नाही, स्पष्ट सांगतो. मोहीम एका तारखेला सुरू होते. पेमेंट ४५ दिवसांनी होणार आणि हक्क त्यानंतर सुरू होणार, तर जाहिरात चालवायची कधी?

शाईपेन

म्हणूनच मी अर्धे आधी मागते. पण तुमची अडचण खरी आहे. मधला रस्ता: हक्क पोस्टच्या दिवशी सुरू, आणि पेमेंटची तारीख उलटून दहा दिवस झाले तर पैसे येईपर्यंत स्थगित.

निळासावळा

याला आमचे लीगलवाले हो म्हणतीलही. सगळीकडे म्हणतील असं नाही.

पायवाट

जाहिरात आहे हे सांगण्याबद्दल पण बोला ना. माझ्या कामात ब्रँडच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, "ते Paid partnership लेबल नंतर लावा, आधी रीच येऊ दे." मी ऐकलं नाही, पण करारानुसार जबाबदारी माझी आणि कॅप्शन त्यांच्या मंजुरीचं. दोन्ही कसं जमणार?

शाईपेन

अशी गोष्ट फोनवर आली तर तुम्ही मेलवर लिहा: "आपल्या बोलण्यात लेबल नंतर लावण्याबद्दल आलं होतं, मी ते पोस्ट करतानाच लावणार आहे." बहुतेक वेळा उत्तर येत नाही आणि विषय तिथेच संपतो. करारात हे हवं: लेबल आणि कॅप्शनमधला पेड असल्याचा उल्लेख पहिल्या क्षणापासून असेल, ब्रँड तो काढायला किंवा खाली ढकलायला सांगणार नाही, आणि तसं सांगितलं तर नकार देणं हा करारभंग नाही. पोस्ट पडल्यावर लेबल लावणं चुकीचंच, कारण बहुतेक लोक पहिल्या काही तासांतच बघून जातात.

नुसत्या लेबलवरही विसंबू नका. कॅप्शनच्या पहिल्या ओळीत लिहा, जेणेकरून पुढचं वाचायला "more" वर टॅप करावं लागणार नाही. वीस हॅशटॅगच्या शेवटी #ad टाकलं तर ते कुणाला दिसत नाही. मराठी व्हिडिओ असेल तर मराठीत बोलून सांगा. तीनही स्टोऱ्यांवर वेगवेगळं टाका, कारण दुसरी स्टोरी बघणाऱ्याने पहिली बघितलेली असेलच असं नाही.

उनाड_पाखरू

शाईपेन, मालकी आणि परवानगीचं पटलं. आता माझे जुने करार काढून बघतो. एक शंका. मी व्हिडिओत बोलून सांगितलं की हे पेड आहे. पण ब्रँडने काटछाट करून पंधरा सेकंदांची जाहिरात केली आणि नेमकं ते वाक्यच कापलं, तर? चेहरा माझा, आवाज माझा, आणि सांगितलेलं गायब.

शाईपेन

इथे माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. जाहिरात म्हणून चालते तेव्हा ॲप स्वतः तसं लिहितं, हे खरं. पण तोच तुकडा ब्रँडने हँडलवर साधी पोस्ट म्हणून टाकला तर ते नसतं. मी "बदल केल्यास क्रिएटरची लेखी मंजुरी, आणि पेड असल्याचा उल्लेख कापता येणार नाही" असं घालते. दर तीनपैकी एक तरी ब्रँड मंजुरीचा भाग कापतो आणि उल्लेखाचा भाग ठेवतो.

निळासावळा

प्रत्येक कटला मंजुरी घेणं आम्हाला जमत नाही, एका रीलचे दहा कट होतात. "अर्थ बदलेल असा बदल नाही आणि न बोललेलं वाक्य तोंडी घालायचं नाही" इतकं आम्ही लिहून देतो.

रानजाई

मंडळी, अपडेट. काल सगळं एका मेलमध्ये लिहून पाठवलं, शुक्रवारच्या जागी सोमवार मागितला. कुणी रागावलं नाही! आज फोन आला.

एक्सक्लुझिव्हिटी चार नावांवर आली आणि तारखाही टाकल्या. बदलांच्या दोन फेऱ्या आणि पाच दिवसांत उत्तर नाही तर मंजूर, हे मान्य. कायमस्वरूपीच्या जागी ९० दिवस झाले. त्यासाठी मी ७५ मागितले होते, ६० वर ठरलं. माझ्या हँडलवरून जाहिरात फक्त ३० दिवस, कमेंट त्यांची टीम बघणार. लेबलचं कलम जसंच्या तसं घेतलं. ॲडव्हान्सला नाही म्हणाले, पण ४५ दिवसांची कमाल मर्यादा दिली, रील पोस्ट झाल्यापासून. स्टोऱ्यांची वाट बघायची नाही. थकल्यास हक्क स्थगित, यावर त्यांचे वकील विचार करतायत.

आज पुन्हा वाचताना आठव्या पानावर एक नवीन दिसलं. "सर्व कच्चं फुटेज" पोस्टनंतर सात दिवसांत त्यांना द्यायचं. हे द्यावं का?

शाईपेन

तसंच देऊ नका. कच्च्या फुटेजमध्ये तुमची चुकलेली वाक्यं, घर, इतर झाडं, सगळं असतं, आणि त्यातून ते नवा व्हिडिओ बनवू शकतात ज्याचे पैसे तुम्हाला मिळाले नाहीत. ९० दिवसांची मर्यादा तुम्ही रीलवर घातलीत. ती फुटेजला लागू आहे का, ते वापराचं कलम उघडून बघा. तिथे "पोस्ट केलेला मजकूर" लिहिलंय की "करारांतर्गत तयार झालेला सर्व मजकूर"?

रानजाई

दुसरं लिहिलंय.

शाईपेन

मग आधी ते शब्द बदला. फुटेज हवंच असेल तर फक्त उत्पादनाचे क्लोज-अप, ज्यात तुमचा चेहरा आणि आवाज नाही, आणि त्याचे वेगळे पैसे. सोमवारच्या आत हे एकच वाक्य मेल करा, बाकीचं आता उघडू नका.